पत्रिकेला ठाऊक असेल तेवढंच

मंडळी, आपल्या मंडळाच्या या महिन्याच्या बैठकीत प्रेमाच्या आणि लग्नाच्या प्रश्नांवर बोलायचं मला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे. समोर एखादी मुलगी बसलेली असते, हातात दोन पत्रिका असतात, आणि आपल्याला जे दिसतं ते तिला आवडणारं नसतं. त्या वेळी काय बोलायचं, किती बोलायचं, आणि जे आपल्याला ठाऊकच नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलणं कसं टाळायचं, एवढंच. यावर बोलायचा मला अधिकार आहे तो मी हे चांगलं करते म्हणून नाही. मी ते एकदा फार वाईट केलं, आणि त्यानंतरची बावीस वर्षं मी माझी पद्धत बदलत आले, म्हणून.

ती गोष्ट आधी सांगते. तुम्ही सगळे जाणकार आहात, म्हणून तपशिलासकट सांगते.

रिसोडकडचं एक कुटुंब होतं. मुलगी आणि मुलगा अकोल्याला एकत्र शिकलेले, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. दोन्ही घरं तयार होती, सुपारीही फुटली होती. मुलीच्या आईचा एवढाच आग्रह होता की एकदा पत्रिका दाखवून घेऊ. मुलीचं नक्षत्र हस्त, रास कन्या. मुलाच्या घरून जी पत्रिका आली तिच्यात जन्मवेळ दुपारी १२ वाजून ५० मिनिटं, नक्षत्र आर्द्रा, रास मिथुन. आता हस्त आद्य नाडीचं आणि आर्द्राही आद्य नाडीचं. एकनाडी. नाडीचे आठच्या आठ गुण गेले. बाकीचं मेलन चांगलं होतं: दोन्ही राशींचा स्वामी बुध, त्यामुळे ग्रहमैत्रीचे पाचही गुण मिळाले, राशीकूटाचे सातही मिळाले. बेरीज बावीसच्या पुढे जात होती. अठराची अट सहज ओलांडली होती. पण मी काय म्हणाले? "गुण पुरेसे आहेत, पण एकनाडी आहे. संततीला त्रास होईल. करू नका."

होईल, असं म्हणाले. होऊ शकतो, असंही नाही.

लग्न मोडलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मला अजून आठवतं. तिनं माझं खरं मानलं होतं.

पाच महिन्यांनी मुलाची आई दुसऱ्या स्थळाची पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. सोबत जुन्या कागदांची पिशवी होती, आणि तिच्यात मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातून मिळालेलं कार्ड होतं. त्यावर वेळ होती १२ वाजून २० मिनिटं. मी पंचांग उघडलं. त्या दिवशी मृग नक्षत्र १२ वाजून ३८ मिनिटांनी संपत होतं. म्हणजे कार्डावरची वेळ खरी असेल तर मुलगा मृगाच्या शेवटच्या चरणातला. रास तीच, मिथुन. म्हणून कुणाला शंका आली नाही, मलाही नाही. पण मृगाची नाडी मध्य. आद्य आणि मध्य, म्हणजे नाडीचे आठही गुण मिळतात. मृगाचा गण देव आणि हस्ताचाही देव, तारांचेही दीड गुण वाढतात. कोष्टक कोणाचं वापरता त्याप्रमाणे अर्धा-एक गुण इकडेतिकडे होईल, पण बेरीज बावीस-तेवीसवरून बत्तीस-तेहतीसवर जाते. अर्ध्या तासात दहा गुण. जे लग्न मी मोडायला लावलं त्याचं मेलन माझ्याच शास्त्राप्रमाणे गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यांत चांगलं निघालं.

बरं, १२:५० ही वेळ आली कुठून होती? मुलाच्या आजोबांनी सांगितलेली. घरी तार आली, की शेजारच्या माणसानं सांगितलं, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं होतं. ती बातमी कळल्याची वेळ होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या वहीत जन्मवेळेच्या समोर आणखी एक रकाना आहे: वेळ कोणी सांगितली. दवाखान्याचं कार्ड, नगरपरिषदेचा दाखला, आईची आठवण, आजोबांची आठवण, "पत्रिकेत आहे" एवढंच, असं जे असेल ते लिहायचं. जन्माच्या दाखल्यावर पुष्कळदा तारीखच असते, वेळ नसते, हे तुम्हाला माहीत आहेच. आईला विचारलं तर ती वेळ सांगत नाही, प्रसंग सांगते: "गाई सुटल्या होत्या", "दुपारची एसटी येऊन गेली होती". ती आठवण मोलाची असते, पण तिला मिनिटं नसतात. आणि आपण मात्र तिच्यावरून नवमांश लग्न काढतो, जे साधारण तेरा-चौदा मिनिटांत बदलतं.

दुसरा नेम असा की चंद्र नक्षत्राच्या काठावर आहे का, ते आधी पाहायचं. त्या दिवशीचं नक्षत्र कधी बदललं ती वेळ पंचांगात असतेच. जन्मवेळ त्याच्या तासाभराच्या आत असेल तर मी दोन्ही बाजूंनी मेलन करते आणि दोन्ही कागद समोर ठेवते. पाहणाऱ्याला ते आवडत नाही. त्याला एक आकडा हवा असतो. पण दोन आकडे खरे असतील तर एक सांगणं हे खोटंच आहे.

आणि हे काठाचं दुखणं मिनिटांपुरतंही नाही. आपण बहुतेक जण सोलापूरचं दाते पंचांग वापरतो, किंवा त्याच चित्रापक्षीय अयनांशावर चालणारं मोबाइलवरचं अॅप. केंद्र सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिनंही चित्रापक्षच धरला, आणि राष्ट्रीय पंचांग त्यावर निघतं. पण टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. चंद्राला चार अंश चालायला सात तासांहून अधिक लागतात. म्हणजे एकच मूल, एकच घड्याळ, एकच दवाखाना, आणि दोन पंचांगांत त्याची दोन नक्षत्रं येऊ शकतात. दोन्ही पंचांगं गणिताला चोख आहेत. आरंभ कुठून मोजायचा यावर त्यांचं मत वेगळं आहे. हे मी इथल्या नव्या मंडळींना मुद्दाम सांगते, कारण नाडीसारखी गोष्ट एका मुलीचं आयुष्य बदलून टाकणार असेल तर तिच्या पायाखाली काय आहे ते आपल्याला तरी माहीत हवं.

आपण वाशीमचे लोक. या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. पहिल्या भास्करानं मध्यरेषेवरची गावं सांगितली त्यांत वत्सगुल्माचं नाव आहे, आणि मध्यमेश्वराच्या देवळातून ती रेषा जाते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. लंकेपासून उज्जैनवरून मेरूपर्यंत जाणारी रेषा. नकाशा काढून पाहिला तर वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून जास्त आहे. म्हणजे दोन्ही गावांच्या मध्यान्हीत पाच मिनिटांहून अधिक फरक. त्या थोर गणितींची साधनं पाहता ही चूक काहीच नाही, मला त्यांचा अभिमान आहे. पण मध्यमेश्वरासमोरून जाताना माझ्या मनात दर वेळी येतं की हजार वर्षं लोकांनी खात्रीनं सांगितलेली रेषासुद्धा पाच मिनिटं चुकलेली होती, आणि त्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त चुकलेल्या वेळा धरून आपण निकाल देतो.

आता एक गोष्ट सांगते जी आपल्यापैकी काहींना बोचेल. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे हे त्यांच्यासोबत होते. अभ्यासात हुशार ठरलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद १०० मुलांच्या अशा २०० जन्मपत्रिका त्यांनी जमवल्या. त्यांतल्या प्रत्येकी ४० पत्रिका ज्योतिषांना देऊन विचारलं की यातली कोणती हुशार मुलाची आणि कोणती नाही ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपासच आली असती. आपल्या क्षेत्रात या चाचणीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले: वेळा तपासल्या नव्हत्या, बुद्धी ही एकच गोष्ट विचारली, वगैरे. काही आक्षेपांत तथ्य असेलही. पण मी ती चाचणी वाचली तेव्हा मला रिसोडच्या मुलीचा चेहरा आठवला. ज्यांना हुशार आणि मतिमंद मुलाच्या पत्रिकेत फरक दिसला नाही त्यांच्यात मीही असू शकले असते. मग "संततीला त्रास होईल" हे मी कोणत्या बळावर सांगितलं होतं?

मी पत्रिका पाहणं सोडलं नाही. का नाही सोडलं, हेही सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक पत्रिकेसाठी येतच नाहीत. घरात जे बोलता येत नाही ते बोलायला त्यांना एक जागा लागते, आणि पत्रिका हे त्या जागेचं दार आहे. त्या दाराशी मी बसते. पण दाराशी बसणाऱ्यानं न्यायाधीश होऊ नये.

मंगळाचंच घ्या. प्रथम, चतुर्थ, सप्तम, अष्टम आणि द्वादश या पाच स्थानांत मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारांतली पाच. म्हणजे शंभर पत्रिका घेतल्या तर चाळीसेक मंगळाच्या निघणारच. दक्षिणेकडे द्वितीय स्थानही धरतात. ते धरलं तर अर्धा देश मंगळाचा. जी गोष्ट दर पाचांतल्या दोघांना आहे तिच्यामुळे जोडीदार मरतो असं सांगणाऱ्याला आपल्याच गल्लीतली घरं मोजता यायला हवीत. "मंगळ आहे" हे सांगताना मी आता पहिलं वाक्य हेच बोलते: "हा शंभरांतल्या चाळीस जणांना असतो." खोली लगेच हलकी होते. समोरच्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरतं ते दिसतं.

नाडीबद्दलही तसंच. सत्तावीस नक्षत्रांच्या नऊ-नऊच्या तीन नाड्या. एखाद्या मुलीनं डोळे मिटून कुणालाही निवडलं तरी तिघांतला एक एकनाडीचाच निघणार. शिवाय जुन्या श्लोकांत काही नक्षत्रांना नाडीदोषाचा अपवाद सांगितलेला आहे, आणि त्यांत आर्द्रा आहे. म्हणजे रिसोडच्या मुलाची १२:५० ही वेळ खरी असती तरी मला तो अपवाद काढून देता आला असता. तो मला पाठ होता. मी तो काढला नाही, कारण त्या दिवशी मला ठाम दिसायचं होतं.

आणि "नाडी म्हणजे रक्तगट" हे जे आता सगळीकडे ऐकू येतं ते आपण थांबवायला हवं. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून येते. तिचा रक्तगटाशी कसलाही संबंध नाही. संततीचीच काळजी असेल तर आपल्या विदर्भात खरी चौकशी करायची ती सिकलसेलची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. ते रक्त तपासून कळतं, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. एकनाडी निघाली की मी आता घाबरवत नाही. मी म्हणते, "मुलांची काळजी वाटते ना, मग दोघंही सिकलसेलची तपासणी करून या. त्याचं उत्तर डॉक्टर देतील. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही." आणि दोघं वाहक निघाले तरी लग्न करायचं की नाही हे तेच ठरवतात. डॉक्टर त्यांना पुढचे मार्ग सांगतात. ते माझं काम नाही.

आता ज्यासाठी तुम्ही मला बोलावलं तिकडे येते. बोलायचं कसं.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आली, पस्तिशीची, मंगरुळपीरकडची. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, मले फक्त एवढंच सांगा, तो येईन का नाही?" हा प्रश्न तुम्हा सगळ्यांकडे येतो. मी पत्रिका उघडली नाही. मी विचारलं, "तो शेवटचं काय बोलला?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणे, आता फोन करू नको. माझं लग्न झालं." कधी झालं? "दोन वर्षं झाली."

अशा वेळी पत्रिकेत सप्तमेश कुठे आहे आणि शुक्राची अंतर्दशा कधी सुरू होते हे पाहणं म्हणजे त्या माणसानं दिलेलं स्पष्ट उत्तर खोडून तिच्या हातात नवी आशा ठेवणं आहे. "मार्चनंतर योग आहेत" एवढं मी म्हणाले असते तर तिनं मार्चपर्यंत वाट पाहिली असती, मग पुढच्या गुरुबदलापर्यंत. तिनं आधीच दोन वर्षं घालवली होती, आणि त्यांतली काही आपल्याच कोणाच्या तरी "योग आहेत" या शब्दांमुळे गेली होती, हे तिनं नंतर सांगितलं. मी नाव विचारलं नाही.

मी तिला म्हणाले, "त्यानं तुम्हाला उत्तर दिलं आहे. ते वाईट आहे, पण ते उत्तर आहे. त्याच्या मनात आत्ता काय आहे ते मला पत्रिकेतून दिसत नाही, कोणालाच दिसत नाही. तुमची पत्रिका पाहायची असेल तर मी तुमची पाहीन. त्याची नाही." ती रडली. मी उठून पाणी आणलं आणि पुन्हा बसले. रडणाऱ्याला लगेच समजवायला जायचं नाही, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. आपल्याला ते रडणं सहन होत नाही म्हणून आपण घाईघाईनं एखादा उपाय सांगून टाकतो: सोळा सोमवार करा, अमुक मंत्राचा जप करा. तो उपाय तिच्यासाठी नसतो, आपल्या अस्वस्थतेसाठी असतो. वीस मिनिटांनी ती स्वतःच म्हणाली, "मले माहीतच होतं, ताई." बहुतेकांना माहीतच असतं. ते मोठ्यानं ऐकायला त्यांना कोणीतरी लागतं.

तिला घरी जायच्या आधी मी विचारलं, रात्री झोप लागते का, जेवण जातं का, मनात जिवाचं काही येतं का. हा प्रश्न मी आता विचारतेच. "येतं" असं उत्तर आलं तर पत्रिका मिटायची, घरच्या कोणाला तरी तिच्या संमतीनं फोन करायचा, आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्यायचा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. मारहाणीची गोष्ट निघाली तर "साडेसाती आहे, सोसा" असं म्हणणारा माणूस या धंद्यात राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शनी कोणाला मारत नाही. नवरा मारतो. त्या बाईला महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर द्यायचा, आणि तिला घरी जायला भीती वाटते का ते विचारायचं.

शब्दांचं सांगते. मी माझ्यापुरती काही क्रियापदं सोडून दिली आहेत. "होईल" आणि "होणार नाही" ही दोन मी लग्नाच्या प्रश्नात वापरत नाही. "या पत्रिकेवरून मला असं वाटतं" असं म्हणते, आणि "पत्रिकेवरून" या शब्दाचा उच्चार स्पष्ट करते, म्हणजे ते देवाचं म्हणणं नाही हे कळतं. एखादी गोष्ट परंपरेत वाईट मानलेली असेल तर तसंच सांगायचं: "जुने लोक या योगाला चांगलं मानत नाहीत, याचं कारण अमुक, आणि माझ्या पाहण्यात हा योग असून सुखानं नांदणारी घरं आहेत." यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोलायचं. माझ्या वहीत अशी घरं आहेत, म्हणून मी बोलते. ज्याच्याकडे नाहीत त्यानं ते वाक्य उधार घेऊ नये.

लपवायचं मात्र नाही. हेही तितकंच वाईट आहे. मध्ये मी इतकी सावध झाले की कोणालाच काही बोलेना. सगळ्यांना "छान आहे, तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून पाठवून द्यायची. एका मुलीनं मला त्यातून बाहेर काढलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मला काहीतरी दिसूनही सांगत नाही आहात, आणि मी घरी जाऊन त्याहून वाईट काहीतरी स्वतःच ठरवणार आहे." खरं होतं ते. तिच्या आणि त्या मुलाच्या पत्रिकेत षडाष्टक होतं. मी तिला सांगितलं: राशी एकमेकांपासून सहाव्या-आठव्या आहेत, याला परंपरेत स्वभाव न जुळण्याचं लक्षण मानतात, राशीकूटाचे सात गुण जातात. मग मी विचारलं, "तुमचं भांडण कशावरून होतं?" ती सांगत गेली. पैशावरून, त्याच्या आईवरून, तो चार-चार दिवस बोलत नाही यावरून. शेवटी तिनं षडाष्टकाबद्दल एक शब्दही विचारला नाही. तिला जे विचारायचं होतं ते तिनं त्या चार दिवसांच्या अबोल्याबद्दल स्वतःलाच विचारलं. दुःखाचं उत्तर तिला तिच्या तोंडून मिळालं.

घरचे सोबत असतील तर मुलीला किंवा मुलाला एकट्यानं पाच मिनिटं भेटायचंच. वाशीममध्ये हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. वडील म्हणतात, "आमच्यासमोरच सांगा ना." मी म्हणते, "काका, तुमच्यासमोर सगळं सांगीन, आधी तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत." बहुतेक ऐकतात. त्या पाच मिनिटांत कधी कळतं की तिला हे स्थळच नको आहे आणि ती पत्रिका न जुळण्याची वाट पाहते आहे. तेव्हा मोह होतो की नाडी पुढे करून तिची सुटका करावी. मी एकदा केलं. आता करत नाही. खोट्या कारणानं सोडवलेलं लग्न पुढच्या स्थळाच्या वेळी तिच्याच अंगावर येतं: "हिची नाडी फार कडक आहे." त्याऐवजी मी तिच्या वडिलांना सांगते की मुलीचं मन तयार नाही असं मला दिसतंय, आधी तिच्याशी बोला. ते रागावतात. एक-दोनदा तर त्यांनी दक्षिणाही ठेवली नाही. चालतं.

दक्षिणेचा उल्लेख निघालाच आहे तर एवढं बोलते. दुखरं उत्तर आणि महागडा उपाय एकाच बैठकीत नसावेत. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं हे चोरीपेक्षा वेगळं नाही. नागबळी, शांती, रत्न, ज्याला जे करायचं असेल ते त्यानं पंधरा दिवसांनी, शांत डोक्यानं, दुसऱ्या कुणाला विचारून करावं. मी उपाय सांगत नाही, आणि सांगणाऱ्यांकडून माझा वाटाही घेत नाही.

रिसोडच्या त्या मुलीचं काय झालं, हे तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल. दवाखान्याचं कार्ड पाहिल्यावर मी तिच्या घरी गेले होते. एसटीनं गेले, दुपारी पोचले. सगळं सांगितलं, वेळ कशी चुकली, माझं काय चुकलं. तिचं लग्न तोपर्यंत हिंगोलीकडे ठरलं होतं, तारीख निघाली होती. तिच्या आईनं मला चहा दिला. मुलगी बाहेर आली, म्हणाली, "आता नका सांगू त्याला." मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या आईलाही मी एवढंच म्हणाले की पुढच्या स्थळाला १२:२० हीच वेळ द्या.

तुमच्या वह्या सोबत असतील तर आज घरी जायच्या आधी जन्मवेळेच्या रकान्याशेजारी एक उभी रेघ ओढा आणि तिच्यावर लिहा: वेळ कोणी सांगितली. पुढच्या बैठकीला येताना त्यातली दहा नावं भरून आणा, आपण एकत्र पाहू.